जुन्या गाड्यांचा छोटा डीलर

रस्त्याकडेची पत्र्याची शेड, आठ-दहा गाड्या, काचेवर साल आणि ‘सिंगल ओनर’ असं रंगवलेलं, मागे एक टेबल आणि फायलींचा ढीग. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत सेकंडहँड गाडीचा धंदा असाच दिसतो. कंपन्यांच्या मोठ्या चेन आणि अ‍ॅप येऊनही हा माणूस टिकून आहे, कारण त्याचा पैसा गाडी विकताना नाही तर घेताना सुटतो, आणि घ्यायचे रस्ते त्याला पाठ असतात.

सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे नव्या गाडीच्या शोरूमचं एक्स्चेंज. तुम्ही नवीन गाडी घ्यायला जाता, शोरूमचा माणूस तुमच्या जुन्या गाडीला चक्कर मारतो, फोटो काढतो आणि तुम्ही चहा पीत असताना ते फोटो डीलर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेले असतात, ज्याची बोली वर जाते त्याची गाडी. दुसरा रस्ता एजंटचा, म्हणजे सोसायटीचा वॉचमन, गॅरेजवाला किंवा इन्शुरन्सवाला, जो ‘अमुक साहेब गाडी काढतायत’ एवढं सांगायचे पैसे घेतो. तिसरा बँकेने हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव. तिथे गाडी जशी आहे तशी घ्यावी लागते, चालवून बघायला मिळतेच असं नाही, म्हणून ती स्वस्त पडते. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बडगा आला तेव्हापासून तिकडच्या गाड्याही इकडे येतात. डीएल नंबरची गाडी स्वस्त दिसली तर एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच नंबर हे कोण करणार ते आधी विचारा, कारण तो खर्च बऱ्याचदा स्वस्ताई खाऊन टाकतो.

आता मार्जिन कसं बसतं ते एका गाडीवर बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेत. डीलरने 2017 ची पेट्रोल वॅगनआर एक्स्चेंजमधून 3,10,000 ला उचलली. एजंटचे 5,000, दोन पॅनलचं डेंटिंग-पेंटिंग 8,000, सर्व्हिस आणि बॅटरी 9,000, आतून धुणं आणि रबिंग-पॉलिश 3,000. झाले 3,35,000. हा पैसा बरेचदा उसना असतो, महिना दीड टक्का धरला आणि गाडी दीड महिना उभी राहिली तर व्याजाचे अजून साडेसात हजार, म्हणजे पडली 3,42,500 ला. बोर्डावर भाव 3,95,000, घासाघीस होऊन सौदा 3,75,000 ला. वरवर 32,500 सुटले. पण जीएसटी नंबर असलेल्या डीलरला विक्री आणि खरेदीतल्या फरकावर 18 टक्के भरावे लागतात (जानेवारी 2025 च्या आधी छोट्या गाड्यांना 12 होते), आणि हा फरक 65,000 धरतात, त्यातून रंगाचे आणि बॅटरीचे पैसे वजा होत नाहीत. म्हणजे 11,700 गेले. हातात 20,800, त्यातून जागेचं भाडं आणि पोराचा पगार. गाडी अजून दोन महिने उभी राहिली तर व्याजाचे आणखी दहा हजार जाऊन ही रक्कम निम्मी होते.

यावरून गिऱ्हाइकाला दोन गोष्टी कळतात. एक, लाखभर कमी करा म्हणण्यात अर्थ नाही, ते त्याच्याकडे नसतातच. दोन, गाडी किती दिवस उभी आहे हे कळलं तर खरी घासाघीस तिथे होते. टायरखाली साचलेला पाला, ब्रेक डिस्कवरचा गंज, वायपरवरची धूळ बघा, ते डीलरपेक्षा खरं बोलतात. आणि तो भावात पटकन खाली आला पण ‘लोन आमच्याकडूनच करा’ म्हणून अडून बसला, तर उरलेलं मार्जिन त्याला फायनान्सच्या कमिशनमधून मिळणार असतं. बँकेचा रेट स्वतः विचारून या, मगच हो म्हणा.

आता कागद, कारण माझ्या मते इंजिनपेक्षा जास्त लोक इथे फसतात. डीलर गाडी स्वतःच्या नावावर बहुतेक वेळा करत नाही, आरसीवर एक मालक वाढतो आणि भाव पडतो. तो गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर जुन्या मालकाच्या सह्या घेऊन ठेवतो, खरेदीदाराचा रकाना कोरा, बाजारात यालाच ओपन पेपर म्हणतात. अडचण अशी की आरटीओत नाव जुन्या मालकाचंच राहतं, आणि अपघात झाला तर कायद्याने मालक तोच. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये नवीन कुमार केसमध्ये हेच सांगितलं, गाडी तीन-चार हातांतून गेलेली असली तरी भरपाईला नोंदणीतला मालक बांधील. यावर उपाय म्हणून एप्रिल 2023 पासून नियम आला, आरटीओचा परवाना घेतलेल्या डीलरकडे गाडी दिली की मालकाने फॉर्म 29सी ऑनलाइन भरायचा आणि तिथून पुढे डीलर जबाबदार. म्हणून पहिला प्रश्न हाच, तुमचा परवाना कुठे आहे आणि या गाडीचा 29सी दाखवा. छोट्यांपैकी अनेकांकडे तो नसतो. मग आरसीवरच्या माणसाशी स्वतः बोला, गाडी विकलीत का, कर्ज फिटलं का एवढंच विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय टोकनच्या पुढे पैसे नकोत. चलन बाकी आहे का तेही नंबर टाकून ऑनलाइन दिसतं.

गाडीची लपवाछपवी कागदावरही पकडता येते. ‘एकही क्लेम नाही’ म्हणणाऱ्याकडे चालू इन्शुरन्स पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा आकडा बघा. तो दरवर्षी 20, 25, 35, 45, 50 असा चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. सात वर्षं एकाच मालकाची गाडी आणि बोनस 20, याचा अर्थ एक-दोन वर्षांपूर्वी काहीतरी झालंय. फक्त मध्ये पॉलिसी 90 दिवसांपेक्षा जास्त बंद पडली असेल तरी बोनस जातो, म्हणून लगेच आरोप न करता जुन्या पॉलिसी मागा.

रनिंगचंही तसंच. मीटर 38,000 दाखवतंय तर टायर कंपनीने दिलेलेच असायला हवेत, बहुतेक पहिला सेट तेवढा सहज जातो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. 2017 च्या गाडीला चारही टायर 2021 चे, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर 38,000, हे जुळत नाही. ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा, तिथे प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं. 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या आणि 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन विकल्या जाण्याची भीती खरी आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, तिथपर्यंत धुणारा कोणी हात घालत नाही.

पैसे देताना सगळे बँकेतून द्या आणि डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या, म्हणजे आदल्या रात्रीचं चलन तुमच्या गळ्यात पडत नाही. पाच-दहा हजार ‘ट्रान्सफर झाल्यावर देतो’ म्हणून मागे ठेवा आणि तसं पावतीवर लिहा, डीलरचा एजंट आरटीओच्या खेपा मग न विसरता घालतो. पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला 14 दिवस असतात, ते काम मात्र एजंटवर न सोडता स्वतः करा.