आर्यभटाच्या फरकांवर उभी असलेली एक असमानता

कोणताही लघुकोन घ्या, त्याचे अंश ९० ने भागा. जी संख्या मिळेल, तिच्यापेक्षा त्या कोनाचा साइन कधीही लहान नसतो. ३६ अंशांसाठी ३६/९० म्हणजे ०.४, आणि खरा साइन ०.५८७८. ६० अंशांसाठी ०.६६७, आणि खरा साइन ०.८६६. शून्य आणि ९० या दोन टोकांना मात्र दोन्ही संख्या तंतोतंत जुळतात. कोन रेडियनमध्ये मोजला की ९० अंशांच्या जागी π/2 येतो आणि हेच विधान असे लिहितात:

sin x ≥ 2x/π, जेव्हा 0 ≤ x ≤ π/2

फ्रेंच गणिती कामिय जॉर्दाँ (१८३८–१९२२) यांच्या नावाने ही असमानता ओळखली जाते. पाठ्यपुस्तकांत तिची सिद्धता दोन ओळींत उरकलेली असते: साइनचा आलेख या पट्ट्यात कॉन्केव्ह, म्हणजे वरच्या बाजूला फुगलेला आहे, म्हणून तो आपले दोन बिंदू जोडणाऱ्या सरळ रेषेच्या, म्हणजे जीवेच्या, वर राहतो. या दोन ओळींत नेमके काय घडते, ते मला आर्यभटाच्या ज्यासारणीत, म्हणजे साइनच्या सारणीत, सगळ्यात स्वच्छ दिसते.

इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त शून्य ते ९० अंशांचे २४ समान भाग केले आहेत, प्रत्येक भाग ३ अंश ४५ कलांचा. वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरली आहे. कोनाच्या साइनला या त्रिज्येने गुणले की त्या कोनाची ‘ज्या’ मिळते. विशेष म्हणजे आर्यभट ही ‘ज्या’ थेट देत नाही. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना ज्या कितीने वाढते, ते फरक तो देतो. सुरुवात होते २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ अशी, मधे १५४ आणि १४३ येतात, आणि शेवट होतो ५१, ३७, २२, ७ असा. ज्या हवी असेल तर फरक बेरजेत घेत जायचे. पहिले आठ फरक मिळवले की १७१९ येतात, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर निम्मे. आठ पायऱ्या म्हणजे ३० अंश, आणि ३० अंशांचा साइन अर्धा. सगळे २४ मिळवले की ३४३८.

आता फक्त या फरकांकडे पाहा. ते एकदाही वाढत नाहीत, सतत घटत जातात. एखाद्या संघाच्या धावा प्रत्येक षटकात आधीच्या षटकापेक्षा कमी होत गेल्या, तर डावाच्या मधे कुठेही मोजलेली सरासरी डावाच्या अंतिम सरासरीपेक्षा जास्तच भरणार. इथेही तसेच आहे. चोवीस फरकांची सरासरी ३४३८ भागिले २४, म्हणजे १४३.२५. पहिल्या आठांची सरासरी जवळपास २१५. पहिल्या कितीही फरकांची सरासरी घेतली तरी ती १४३.२५ च्या खाली जाऊ शकत नाही. शून्यापासून निघून दर पायरीला १४३.२५ नेच वर चढणारी जी सरळ रेषा, तीच आपली 2x/π ची रेषा. म्हणजे सारणीच्या प्रत्येक पायरीवर असमानता सिद्ध झाली, तीही नुसत्या सरासरीने.

रेषा आणि आलेख यांतले अंतर कुठे सर्वाधिक आहे, तेही इथेच वाचता येते. फरक १४३.२५ पेक्षा मोठे असेपर्यंत अंतर वाढते, लहान झाले की ते मिटू लागते. तेरावा फरक १५४, चौदावा १४३. म्हणून सर्वाधिक अंतर तेराव्या-चौदाव्या पायरीच्या आसपास, ४८ अंश ४५ कला आणि ५२ अंश ३० कला यांच्या दरम्यान असले पाहिजे. कलनशास्त्राने काढले तर कोन सुमारे ५०.४६ अंश येतो आणि तिथले अंतर साधारण ०.२१. ४५ अंश हा मधला कोन असला, तरी सर्वात मोठी दरी तिथे नाही.

फरक घटतातच का? ‘आर्यभटीया’च्या गणितपाद या भागातल्या एका श्लोकाचा टीकाकार लावतात तो अर्थ असा: आतापर्यंतच्या ज्येला २२५ ने भागा, येईल ते आधीच्या फरकातून वजा करा. २२५ मधून २२५/२२५ म्हणजे १ वजा केला की २२४. मग ज्या होते ४४९, तिचा भागाकार सुमारे २, म्हणून पुढचा फरक २२२. पुढे पूर्णांकांत गोळा करताना एखाद-दुसऱ्या एककाची तफावत पडते, पण मुद्दा पक्का राहतो: वजा होणारी राशी ज्येच्याच प्रमाणात आहे. ज्या धन आहे तोवर फरक घटणारच. आज आपण साइनचा दुसरा अवकलज उणे साइन असतो असे म्हणतो. हा नियम त्याचेच पायरीपायरीचे रूप आहे.

सारणी मात्र फक्त २४ ठिकाणांविषयी बोलते. मधल्या कोनांसाठी शाळेतले एक सूत्र पुरते:

(sin a + sin b)/2 = sin((a+b)/2) · cos((a−b)/2)

a आणि b दोन्ही शून्य ते ९० अंशांत असले, तर मधल्या कोनाचा साइन ऋण नसतो आणि कोसाइन १ पेक्षा मोठा नसतो. म्हणून दोन साइनांची सरासरी मधल्या कोनाच्या साइनपेक्षा मोठी होत नाही. ३० आणि ९० अंश घेतले तर सरासरी ०.७५, आणि ६० अंशांचा साइन ०.८६६. म्हणजे कोणत्याही जीवेचा मध्य आलेखाच्या वर जात नाही. मध्यांचे मध्य, त्यांचेही मध्य असे करत गेले की जीवेवरचे हवे तितके दाट बिंदू हाती येतात, आणि साइनच्या आलेखात कुठेही खंड नसल्यामुळे उरलेलेही त्यांच्यामागे येतात. आलेख कॉन्केव्ह आहे याचा अर्थ एवढाच. आता शून्य आणि ९० अंश ही टोके जोडणारी जीवा घ्या, काम झाले.

विद्यार्थी इथे हमखास घसरतात ते टोकांवर. दोन्ही टोकांना समानता आहे एवढे दाखवून ते थांबतात. पण x आणि x² हेसुद्धा ० आणि १ वर जुळतात, आणि मधे x² रेषेच्या खाली असतो. वर की खाली, हे आलेखाचा बाकच ठरवतो. दुसरी चूक म्हणजे मर्यादा विसरणे. ९० अंशांपलीकडे रेषा १ च्या वर चढत राहते आणि साइन उतरू लागतो, म्हणून असमानता तिथेच तुटते. शून्याच्या डावीकडे, उणे ९० अंशांपर्यंत, ती उलट होते. आणि 2/π हा उतार जरासाही वाढवता येत नाही, कारण ९० अंशांवर रेषा लगेच आलेखाच्या वर जाईल.

ही रेषा सर्वात जास्त कामाला येते ती संमिश्र विश्लेषणात, जॉर्दाँच्याच नावाच्या लेमात, म्हणजे साहाय्यक प्रमेयात. तिथे R त्रिज्येच्या अर्धवर्तुळावर e^(−R sin θ) चे शून्य ते π असे संकलन करावे लागते आणि R वाढला की ते नाहीसे होते हे दाखवायचे असते. साइन शून्याहून लहान नाही एवढेच वापरले तर संकलन π पेक्षा कमी असे कळते. यात R कुठेच नाही, म्हणून याचा उपयोग नाही. sin θ ≤ θ वापरले तर संकलन किमान किती ते कळते, आणि आपल्याला हवे असते कमाल. साइनला खालून धरणारी रेषा इथे नेमकी लागते. दोन सममित अर्ध्यांपैकी एक घेऊन त्यात साइनच्या जागी 2θ/π ठेवले की साधे घातांकी संकलन उरते, आणि दुप्पट केल्यावर उत्तर येते

(π/R)(1 − e^(−R)), म्हणजे π/R पेक्षा कमी.

R = १० असेल तर ही मर्यादा ०.३१४ देते. खरे मूल्य ०.२०२ च्या जवळ आहे, म्हणजे आपण दीडपटीहून जास्त धरले. R मोठा होत गेला तरी ही तफावत मिटत नाही, कारण शून्याजवळ साइनचा उतार १ असतो आणि आपल्या रेषेचा फक्त ०.६३७. पण R दहापट केला की मर्यादाही दहापट लहान होते आणि खरे मूल्यही जवळपास तितकेच. लेमाला एवढेच लागते.