भर दुपारचे तीन ठिपके

दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून परत येतो. संजयाने हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्राचं वर्णन केलं, म्हणजे बिनतारी तंत्र आपल्याकडे तेव्हाच होतं, असा त्याचा थाट. यावर मी एकच विचारतो: मग त्या यंत्राची एखादी तार, एखादा खिळा, निदान ते दुरुस्त करणाऱ्याचं नाव तरी कुठे आहे? त्या मेसेजचं धाकटं भावंड मात्र इतकं सहज झटकता येत नाही. ‘रेडिओ जगदीशचंद्र बोसांनी शोधला आणि मार्कोनीने चोरला’ हे ते भावंड. यात अर्धं सत्य आहे, आणि ते पुढे येईलच. पण अटलांटिक ओलांडणाऱ्या त्या पहिल्या संदेशाबद्दलचा खरा मजेदार प्रश्न हे मेसेजवाले कधीच विचारत नाहीत. १२ डिसेंबर १९०१ च्या त्या दुपारी मार्कोनीला जे ऐकू आलं, ते मुळात ऐकू यायलाच नको होतं!

थोडं मागे जाऊ. १८६० च्या दशकात मॅक्सवेलने कागदावर दाखवलं होतं की वीज आणि चुंबकत्व यांची मिळून एक लाट तयार होते आणि ती प्रकाशाच्या वेगाने पळते. पण अशी लाट कुणी पाहिली नव्हती. ती पकडली हाइनरिख हर्ट्झने, जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या व्याख्यानगृहात, १८८६ ते १८८८ च्या दरम्यान. त्याने एका सरळ तारेला मध्ये फट ठेवली, दोन्ही टोकांना जस्ताचे मोठे गोळे लावले आणि इंडक्शन कॉइलने त्या फटीत ठिणग्या पाडल्या. काही मीटरवर तारेचं नुसतं एक कडं, त्यालाही केसाएवढी फट. इकडे ठिणगी पडली की तिकडे, कशाशीही न जोडलेल्या त्या कड्यात, एक बारीकशी ठिणगी चमकायची. ती इतकी लहान असे की अंधार करून, डोळे सरावल्यावरच दिसायची.

एवढ्यावर कुणी म्हणालं असतं, हे तर नेहमीचं विद्युत प्रवर्तन, यात लाट कुठे आली? म्हणून हर्ट्झने समोरच्या भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा ठोकला. जाणारी लाट आणि पत्र्यावरून परतणारी लाट एकमेकींत मिसळल्या की काही जागी त्यांची बेरीज होते आणि काही जागी वजाबाकी. कडं हातात घेऊन तो खोलीभर फिरला. ठिणगी कुठे तेज होई, कुठे विझून जाई, आणि विझण्याच्या जागा ठरावीक अंतरावर येत. सुमारे पावणेपाच मीटर हे अंतर म्हणजे लाटेची अर्धी लांबी. ज्याला लांबी आहे, जे परावर्तित होतं, ती लाटच. प्रश्न मिटला. हर्ट्झ १ जानेवारी १८९४ ला गेला, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी.

मार्कोनी तेव्हा विशीच्या आत होता. त्याने नवा सिद्धान्त मांडला नाही, पण एक व्यवहारी गोष्ट केली. हर्ट्झच्या तारेचं एक टोक त्याने उंच हवेत चढवलं आणि दुसरं जमिनीत पुरलं. आकाशक, म्हणजे आपली एरियल, जितकी उंच तितकी लाट लांब आणि पल्लाही मोठा, हे त्याला करून-करून कळलं. १८९९ मध्ये इंग्लिश खाडीपलीकडे संदेश गेला, आणि लगेच त्याने अटलांटिक धरला.

इथे जाणकारांच्या भुवया उंचावल्या, आणि त्या बरोबरच उंचावल्या होत्या. एक हिशेब करून बघा. संदेश पाठवायचा होता तो इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्ढूहून, आणि ऐकायचा होता अटलांटिकपलीकडच्या न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला; हे अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. पृथ्वी गोल आहे, तेव्हा दोन्ही ठिकाणं सरळ रेषेने जोडली तर मधल्या समुद्राचा फुगवटा त्या रेषेच्या किती वर येतो? अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या त्रिज्येची आठपट. उत्तर येतं जवळपास २४० किलोमीटर. म्हणजे पाण्याचा एक डोंगर, सव्वीस-सत्तावीस एव्हरेस्ट एकावर एक ठेवल्याएवढा. पोल्ढूचे खांब ४८ मीटरचे, त्यांच्या टोकावरून क्षितिज दिसतं पंचवीस किलोमीटरवर. लाट थोडीफार वळते हे खरं, पण एवढ्या डोंगराला वळसा घालण्याइतकी वळत नाही.

तरीही तयारी झाली. पोल्ढूला वीस खांबांचं मोठं कडं उभारलं होतं, ते सप्टेंबरच्या वादळाने आडवं केलं. मग घाईघाईने दोन खांब आणि त्यांच्यामध्ये पंख्यासारख्या तारा. पलीकडे सेंट जॉन्सच्या सिग्नल हिल टेकडीवर मार्कोनी आणि त्याचे दोन सहायक, केम्प आणि पॅजेट. फुगा वाऱ्याने नेला, पहिला पतंगही गेला. दुसऱ्या पतंगाने सुमारे दीडशे मीटर तार कशीबशी वर धरून ठेवली. इंग्लंडमधून ठरलेल्या वेळी मोर्सचा ‘एस’ सतत पाठवला जाणार होता: तीन ठिपके, विश्रांती, पुन्हा तीन ठिपके.

आता एक बारकावा बघा, पुढचा सगळा वाद त्यावर आहे. पतंग खाली-वर झाला की एरियलची विद्युत धारकता बदलते, आणि एका तरंगलांबीशी सूर जुळवलेला ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, बेसूर होतो. म्हणून मार्कोनीने सूर जुळवणारा ग्राहक बाजूला ठेवला आणि साधा, कुठल्याच तरंगलांबीला न बांधलेला ग्राहक वापरला. त्यात लाट आल्याची चाहूल देणारा पाऱ्याच्या थेंबाचा शोधक होता आणि कानाला टेलिफोनचा इअरपीस. असा लोखंड-पारा-लोखंड शोधक बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. मार्कोनीला तो इटालियन नौदलाकडून मिळाला आणि त्याच्या वर्णनात बोसांचं नाव आलं नाही. मेसेजमधलं अर्धं सत्य ते हेच. बोसांचा स्वतःचा जीव मात्र मिलिमीटरभर लांबीच्या लाटांत अडकला होता, समुद्रापार तार पाठवण्यात नव्हे.

दुपारी साडेबारा वाजता मार्कोनीने इअरपीस केम्पच्या हाती दिला. दोघांनाही तीन ठिपके ऐकू आले. कागदी पट्टीवर नोंद नाही, तिसरा साक्षीदार नाही.

आणि अडचण आहे ती त्या साडेबाराची. सेंट जॉन्सला साडेबारा म्हणजे इंग्लंडमध्ये दुपारचे चार. सूर्य तिथेही अजून मावळला नव्हता. सगळा मार्ग उन्हात होता.

याने काय फरक पडतो? वर आकाशात सूर्याचे अतिनील किरण आणि क्ष-किरण हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतात. शंभर किलोमीटरच्या वर अशा मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे थर आहेत. त्यांतून लाट गेली की इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात आणि हलता हलता स्वतःही लाट सोडतात. मूळ लाट आणि ही नवी लाट मिळून जे बनतं त्याचे उंचवटे जरा जास्त वेगाने पुढे सरकतात. लेझीमची रांग वळताना बघा: बाहेरच्या टोकाची मुलं लांब ढांगा टाकतात, आतली जागच्या जागी पावलं टाकतात, आणि आख्खी रांग वळते. इथे लाटेचं वरचं टोक दाट इलेक्ट्रॉनांत असल्याने पुढे पळतं आणि लाट खाली, पृथ्वीकडे वळते. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ हाच खेळ, फक्त उलटा: तिथे प्रकाश वर वळतो. मार्कोनीचा पाण्याचा डोंगर लाटेने ओलांडला तो या छताला टेकून. असं छत असावं, हे केनेली आणि हेविसाइड या दोघांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे सुचवलं, आणि ॲपल्टनने १९२४ मध्ये ते प्रयोगाने दाखवलं.

पण दिवसा या छताखाली आणखी एक थर तयार होतो, साठ ते नव्वद किलोमीटरवर. इथे हवा तुलनेने दाट आहे. लाटेने हलवलेला इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा परत लाटेला देण्याआधीच एखाद्या रेणूवर आदळतो आणि ती ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. लाट लांब असेल तर एका हेलकाव्यात इलेक्ट्रॉनला ढकलायला जास्त वेळ मिळतो, तो जास्त वेग घेतो आणि टक्करीत जास्त गमावतो. लाटेची वारंवारता दुप्पट केली की ही गळती साधारण चौथाईवर येते. सूर्य मावळला की या थरातले इलेक्ट्रॉन पुन्हा रेणूंना चिकटतात, थर जवळजवळ नाहीसा होतो आणि वरचं छत मोकळं होतं. मीडियम वेव्हवर रात्री दूरदूरची केंद्रं लागतात ती यामुळेच.

आता पोल्ढूकडे परत या. तिथली लाट, तो प्रेषक रचणाऱ्या फ्लेमिंगच्या मते, सुमारे ३६६ मीटरची, म्हणजे ८२० किलोहर्ट्झ. हे आजच्या मीडियम वेव्हच्या पट्ट्याच्या मध्यातच आलं. घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर भर दुपारी मुंबईत मीडियम वेव्हवर बँकॉक लावून बघा, लागणार नाही, आणि ते तर ३००० किलोमीटरवरच आहे. आणि आपला ट्रान्झिस्टर पाऱ्याच्या थेंबापेक्षा कितीतरी पट तिखट कानाचा आहे.

मार्कोनीला शंका आली असावी, कारण दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९०२ मध्ये, तो ‘फिलाडेल्फिया’ बोटीवर चढला. या वेळी सूर जुळवलेला ग्राहक, कागदी पट्टीवर उमटणाऱ्या खुणा आणि त्यावर सही करायला बोटीचे अधिकारी होते. रात्री वाचता येईल असा संदेश सुमारे २५०० किलोमीटरपर्यंत आला, नुसते ‘एस’ जवळपास ३४०० पर्यंत. दिवसा मात्र सगळं ११०० किलोमीटरच्या आसपास संपलं. दिवस-रात्रीचा हा फरक पहिल्यांदा नोंदला गेला तो इथे, आणि नोंदला तो खुद्द मार्कोनीनेच.

मग सिग्नल हिलवर काय ऐकू आलं? दोन शक्यता उरतात. एक, दूरच्या विजांची खरखर. तीन टिकटिका कानात तयार असल्या की खरखरीतही त्या ऐकू येतात. दुसरी शक्यता मला जास्त आवडते. ठिणगीचा प्रेषक एका सुरात गात नाही, तो थाळी आपटल्यासारखा एकाच वेळी अनेक सूर काढतो. त्यात आखूड लाटाही असणार, आणि दिवसा तयार होणारा थर त्या पार करतात. सूर जुळवलेल्या ग्राहकाने त्या गाळून टाकल्या असत्या. पण पतंगाच्या त्रासापायी मार्कोनीने नेमका तोच बाजूला ठेवला होता. हे खरं असेल तर त्याला हवी ती लाट पोचलीच नाही, आणि पोचली ती त्याने पाठवायची ठरवलीच नव्हती.

स्वतः मार्कोनीने याचा अर्थ उलटा लावला आणि पुढची वीस वर्षं तो अधिकाधिक लांब लाटा आणि अधिकाधिक मोठी केंद्रं यांच्या मागे राहिला. आखूड लाटा निरुपयोगी समजून हौशी लोकांना देऊन टाकल्या होत्या. डिसेंबर १९२१ मध्ये त्या हौशींनीच अमेरिकेतून स्कॉटलंडला संदेश पोचवून दाखवला, तेव्हा कुठे मोठ्यांनी वळून पाहिलं. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात एकाच दिशेने झोत सोडणारं बीम वायरलेस सुरू झालं ते आखूड लाटांवर, आणि त्याचं प्रेषण केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला, ग्रहण केंद्र दौंडला.