कुटुंब निवृत्तिवेतन : दिव्यांग सज्ञान अपत्य व अवलंबित माता-पिता

शासकीय कर्मचारी किंवा निवृत्तिवेतनधारक मरण पावल्यावर त्याच्या कुटुंबाला दरमहा मिळणारे वेतन म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन. विधवा किंवा विधुर जोडीदाराचा हक्क सर्वपरिचित आहे. प्रस्तुत नोंदीत पंचविशी ओलांडलेले दिव्यांग अपत्य आणि मृताच्या आधारावर जगणारे आई-वडील यांच्या हक्काचा विचार केला आहे. विवेचन केंद्र शासनाच्या नियमांवर आधारलेले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ११६ ची रचना बरीचशी तशीच असली तरी राज्याच्या उत्पन्नमर्यादा व परिपत्रके वेगळी आहेत. केंद्राचे आकडे राज्य कर्मचाऱ्याला सरसकट लागू धरू नयेत.

योजनेचा आरंभ १ जानेवारी १९६४ पासून धरला जातो. तेव्हा अपत्यांचा हक्क वयोमर्यादेपाशी संपत असे. दिव्यांग अपत्याला तहहयात वेतन देण्याची तरतूद पुढची आहे. ती बहुधा सत्तरच्या दशकात आकाराला आली. आई-वडिलांचा समावेश पाचव्या वेतन आयोगानंतर झाला आणि तो १ जानेवारी १९९८ पासून लागू आहे. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ मधील नियम ५४ ची जागा आता २०२१ च्या नियमांतील नियम ५० ने घेतली आहे.

क्रम. वेतन एका वेळी साधारणपणे एकाच पात्र व्यक्तीला मिळते. आधी जोडीदार, मग २५ वर्षांखालील अपत्ये जन्मक्रमाने, त्यानंतर दिव्यांग अपत्य, पुढे पंचविशीनंतरची अविवाहित, विधवा वा घटस्फोटित मुलगी, मग आई-वडील आणि शेवटी अवलंबित दिव्यांग भावंडे. यातला दिव्यांग अपत्याचा क्रम अनेक कुटुंबांना अनपेक्षित वाटतो. आईच्या मृत्यूसमयी मोठी बहीण दिव्यांग व ३० वर्षांची आणि धाकटा भाऊ २२ वर्षांचा व बेरोजगार असेल, तर वेतन आधी भावाला मिळते. तो पंचविशी गाठेपर्यंत, किंवा त्याआधी त्याचे लग्न होईपर्यंत अथवा तो कमावता होईपर्यंत बहिणीला थांबावे लागते. त्यानंतर मात्र तिचा हक्क तहहयात असतो. एकाहून अधिक दिव्यांग अपत्ये असल्यास थोरल्याचा हक्क संपल्यावर धाकट्याची पाळी येते. जुळ्यांना समान वाटा मिळतो. दिव्यांग अपत्याच्या विवाहाने हक्क संपत नाही, हे २०१३ च्या कार्यालयीन ज्ञापनाने स्पष्ट झाले आहे.

दिव्यांगत्वाची कसोटी. सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर होतात. निवृत्तिवेतन नियम टक्केवारी विचारत नाही. दिव्यांगत्वामुळे त्या व्यक्तीला स्वतःची उपजीविका मिळवता येत नाही का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’साठी ४० टक्क्यांची सीमा आहे आणि रुग्णालयाचे प्रमाणपत्र बहुधा त्याच धर्तीवर टक्केवारी लिहून थांबते. असा दाखला जोडला की कार्यालयातून ‘उपजीविकेबाबत अभिप्राय नाही’ असा शेरा मारून प्रकरण परत येते. उलट, टक्केवारी मोठी आहे म्हणून हक्क आपोआप सिद्ध होतो असेही नाही. १९७२ च्या नियमांनी अध्यक्ष व दोन सदस्यांचे वैद्यकीय मंडळ सांगितले होते आणि त्यातील किमान एक सदस्य संबंधित दिव्यांगत्वाचा तज्ज्ञ असावा, अशी अट होती. मंडळाकडे अर्ज करतानाच कुटुंब निवृत्तिवेतनाचा उल्लेख करून उपजीविकेबाबत स्पष्ट वाक्य मागून घेणे श्रेयस्कर ठरते. दिव्यांगत्व कायमचे असल्यास प्रमाणपत्र एकदाच लागते. तात्पुरते असल्यास दर पाच वर्षांनी नवे द्यावे लागते.

दुसरा प्रश्न काळाचा. पूर्वी दिव्यांगत्व कर्मचाऱ्याच्या निवृत्तीपूर्वी किंवा सेवेतील मृत्यूपूर्वी प्रकट झालेले असावे, असा कडक अर्थ लावला जाई. आज कर्मचारी वा निवृत्तिवेतनधारक आणि त्याचा जोडीदार यांच्या मृत्यूपूर्वी ते अस्तित्वात असणे हा निकष धरला जातो. तोच योजनेच्या हेतूशी अधिक सुसंगत वाटतो. प्रमाणपत्राची तारीख मृत्यूनंतरची असली म्हणून दावा फेटाळता येत नाही. दिव्यांगत्व आधीपासून होते, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. इथे विशेष शाळेचे दाखले, जुने केसपेपर, वडिलांच्या सेवापुस्तकातील कुटुंबाच्या तपशिलात केलेली नोंद यांना मोल येते.

उत्पन्न. ८ फेब्रुवारी २०२१ च्या ज्ञापनापासून दिव्यांग अपत्याची मर्यादा वेगळ्या पद्धतीने ठरते. त्याचे अन्य सर्व मार्गांचे मासिक उत्पन्न सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाहून, म्हणजे मृताच्या अखेरच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के अधिक महागाई सवलत एवढ्या रकमेहून, कमी असावे. आई-वडिलांना मात्र जुनीच मोजपट्टी लागते: दोघांचे मिळून उत्पन्न किमान कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे ९,००० रुपये अधिक महागाई सवलत, याहून कमी असावे.

समजा, मृताचे अखेरचे मूळ वेतन ६०,००० रुपये होते आणि महागाई सवलत ५० टक्के आहे (जानेवारी २०२४ चा दर). सामान्य दराचे वेतन १८,००० आणि सवलतीसह २७,००० रुपये होते. घरभाडे व ठेवींच्या व्याजातून दरमहा १५,००० रुपये मिळवणारा दिव्यांग मुलगा त्यामुळे पात्र ठरतो. २०२१ पूर्वीच्या मोजपट्टीने तो १३,५०० च्या मर्यादेबाहेर गेला असता. तेवढेच उत्पन्न असलेले आई-वडील आजही अपात्रच ठरतील. पुराव्यासाठी सामान्यतः प्राप्तिकर विवरणपत्र किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा दाखला चालतो. उत्पन्नाची माहिती दरवर्षी द्यावी लागते.

माता-पिता. मृताच्या हयातीत ते त्याच्यावर अवलंबून असले पाहिजेत आणि त्याच्यामागे जोडीदार किंवा पात्र अपत्य नसावे. त्यामुळे प्रत्यक्षात हा हक्क बहुधा अविवाहित कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांना मिळतो. आधी आई, तिच्या पश्चात वडील. खासगी क्षेत्रातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये हा क्रम नेमका उलटा आहे: तेथे आधी वडील.

पूर्वनोंद व पालक. कायम दिव्यांग अपत्याचे किंवा अवलंबित आई-वडिलांचे नाव निवृत्तिवेतनधारक अथवा त्याचा जोडीदार हयात असतानाच निवृत्तिवेतन प्रदान आदेशात (पीपीओ) घालता येते. मात्र जोडीदाराखेरीज त्याच्या आधी कोणी दावेदार नसावा. असे केल्यास दोघांच्या पश्चात मृत्यू दाखला, उत्पन्नाची माहिती व बँक खात्याचा तपशील यांवर वेतन सुरू होऊ शकते आणि मूळ कार्यालयातून नवी मंजुरी आणण्याचा खटाटोप वाचतो. हे बहुतेक घरांत राहून जाते.

सज्ञान व केवळ शारीरिक दिव्यांग असलेल्या व्यक्तीला वेतन स्वतःच्या नावे घेता येते. बौद्धिक वा मानसिक दिव्यांगत्व असल्यास ते पालकामार्फत दिले जाते. पालकाचे नामनिर्देशन कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक किंवा जोडीदार यांनी केलेले असेल, तर न्यायालयाच्या पालकत्व आदेशाचा आग्रह धरता येत नाही. तरी काही बँक शाखा तो मागतात. नामनिर्देशन नसेल आणि दिव्यांगत्व स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व किंवा बहुदिव्यांगत्व या प्रकारचे असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीचे पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. स्किझोफ्रेनियासारखा केवळ मानसिक आजार त्या अधिनियमाच्या कक्षेत येत नसल्याने अशा प्रकरणी नामनिर्देशन नसल्यास न्यायालयात जावे लागते.