भाजून वर्ष झालेल्या कॉफीच्या बिया

"रोस्टच्या तारखेला वर्ष उलटलं की कॉफीच्या बिया विषारी होतात म्हणे. टाकून देऊ का?"

लगेच टाकू नका. भाजताना बियांमधलं बहुतेक पाणी उडून जातं आणि ओलाव्याशिवाय बुरशी धरत नाही. खरा धोका दमटपणाचा. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं असेल, तर बिया ताटात पसरून नीट पाहा. बुरशी दिसली किंवा कुबट वास आला, तर सगळ्याच फेका. बुरशीचं विष उकळूनही पुरतं जात नाही.

चव मात्र उतरतेच. सांगलीत मामींच्या फडताळात वर्षापूर्वीचं बंद पाकीट सापडलं. ताजी पूड गरम पाण्यात फुगून फेसाळते. ही नुसती बुडून राहिली, कारण आतला वायू केव्हाच निघून गेला होता. काळी कॉफी पुठ्ठ्यासारखी लागली. मग कपाला 10 ऐवजी 13 ग्रॅम घेतली, जरा बारीक दळली, घट्ट काढा गाळून त्यात गरम दूध, साखर आणि किसलेलं जायफळ घातलं. मामींनी दुसरा कप मागितला.

बियांना खवट शेंगदाण्याचा वास येत असेल, तर तेल बिघडलेलं असतं. ती चव जायफळानेही झाकत नाही.