पोटाच्या सोनोग्राफीला येताना चहासुद्धा पिऊन येऊ नका

आमच्या सेंटरवर रोज सकाळी दोन-तीन पेशंट परत पाठवावे लागतात आणि मग बोलणी आम्हीच खातो, म्हणून हे छापून काउंटरवर ठेवलं आहे. "काहीच नाही खाल्लं जी, निरा चहा-टोस्ट घेतला" असं सगळेच सांगतात. तेवढ्यानंच तर काम बिघडतं.

उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दाबल्यासारखं होतं, आणि आधीच्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर लिहिलेलं, असे पेशंट आमच्याकडे खूप येतात. लिव्हरला आतून दुखण्याची जाणीव नसते, ते मोठं झालं की वरचं आवरण ताणलं जातं आणि जडपणा येतो, म्हणजे थोडा त्रास फॅटी लिव्हरचा असू शकतो. पण त्याच लिव्हरच्या खाली पित्ताची थैली असते आणि खड्याचं दुखणंही तिथंच येतं. उपाशीपोटी ही थैली पित्तानं भरून फुगलेली असते, त्यामुळे आतला खडा स्पष्ट दिसतो. दुधाचा चहा, टोस्ट, पोहे पोटात गेले की थैली आकसते, आणि मग खडा आहे की नाही हे खात्रीनं सांगता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक काकाजी आले होते, वय ४६, वजन ८४ किलो, पहाटेची एसटी पकडून आलेले आणि स्टँडवर तर्री-पोहे खाऊन. फॅटी लिव्हर ग्रेड २ दिसलं, थैली मात्र पार मिटलेली. म्हणाले, लिव्हरचं कळलं ना, मग तेवढाच रिपोर्ट द्या. आम्ही दिला नाही, कारण लग्नातलं जेवण झालं की रात्री दोन-दोन तास कळ येऊन उजव्या खांद्यापर्यंत जाते असं ते बोलता बोलता सांगून गेले होते, आणि ते काही नुसत्या चरबीचं लक्षण नव्हे. चिडून गेले. चार दिवसांनी उपाशी आले तर ८ मिलिमीटरचा खडा निघाला, मग सर्जनकडे पाठवलं. दुसऱ्या फेरीचे पैसे आम्ही घेतले नाहीत आणि कोणाकडूनच घेत नाही, हेही इथं लिहून ठेवतो, कारण गावात भलतंच बोललं जातं.

तर रात्री आठपर्यंत साधं जेवा, तळलेलं नको, सकाळी फक्त साधं पाणी, बीपीची गोळी त्याच पाण्यासोबत चालते. खर्राही नको. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि आम्हाला फोन करा, पहिला नंबर तुमचा लावतो.

रिपोर्टमधली ग्रेड म्हणजे लिव्हर पडद्यावर किती पांढरं दिसतं तेवढंच, त्यावरून लिव्हर किती खराब झालं ते ठरत नाही. त्यासाठी एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट बघावे लागतात. उपाशी आलाच आहात तर त्याच वेळी रक्त देऊन जा, शुगर-कोलेस्टेरॉलही होऊन जातं, आमच्याकडे सगळं एका फेरीत होतं.

आता वजन. ८४ किलोच्या माणसानं ४ किलो कमी केलं तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, ८ किलोपर्यंत गेलं तर सूजही कमी होते. पण आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून घाई नको. उपाशी राहून महिन्यात ८-९ किलो उतरवणाऱ्यांना नवीनच खडे होतात. आणि उपवास म्हणजे आपल्याकडे साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचा कूट, एकादशी अन् दुप्पट खाशी. त्यापेक्षा ज्वारीची भाकर, वरण, भाजी पोटभर खा, भात निम्मा करा. दिवसाचे सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे झाले, सुरुवात तिथूनच करा. दारू पूर्ण बंद, मोहाची असो की बाटलीची. लिव्हर साफ करायच्या पुड्या घेऊ नका, काहींनी लिव्हरच बिघडतं. आणि दर महिन्याला सोनोग्राफी करायला येऊ नका, सहा महिन्यांनी पुरे, वजनकाटा मात्र काउंटरवर आहे, फुकट, केव्हाही या.

डोळे पिवळे, लघवी गडद, दुखण्यासोबत थंडी वाजून ताप, काही तास न थांबणारी कळ आणि उलट्या, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच, यातलं काही असेल तर आमच्याकडे नंबर लावत बसू नका, थेट दवाखान्यात जा. वरच्या पोटात कळ आणि सोबत घाम, दम असेल तर ते हार्टचंही असू शकतं, १०८ ला फोन करा. पोट फुगत चाललं, पायावर सूज आली किंवा काही न करता वजन उतरतंय, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

पोटाच्या सोनोग्राफीचे नंबर सकाळी ७ ते १०. लांबून पहिल्या एसटीनं येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोनवर नाव सांगा, आणि डबा सोबत आणा, तपासणी झाली की आमच्या बाकावर बसून खा.