सॅम्पलच्या तुकड्याएवढा विलंब: पहिल्या ऑर्डरच्या ऑल-पास फिल्टरची पार्श्वभूमी

नागपूरच्या मे महिन्यात लाकडी तानपुरा सुरात टिकवणे अवघड असते, म्हणून इथल्या गाण्याच्या वर्गांत इलेक्ट्रॉनिक तानपुरा सर्रास दिसतो. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची मुले शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तोच पुन्हा पुन्हा निवडतात: एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर, सेकंदाला १६,००० सॅम्पल आणि चार तारा: पंचम, जोडीच्या दोन षड्जाच्या तारा आणि खर्ज. आवाज पहिल्याच आठवड्यात येतो. मग गाणारी एखादी मैत्रीण येऊन ऐकते आणि म्हणते, "सर, बेसूर नाही जी, पण जोड हलते आहे." तिचे म्हणणे बरोबर असते. त्या हलण्याचे कारण आणि त्यावरचा उपाय समजायचा तर शंभरेक वर्षे मागे, टेलिफोनच्या लांब तारांपर्यंत जावे लागते.

टेलिफोनचा आवाज दूरवर पोचावा म्हणून केबलमध्ये ठरावीक अंतरावर कॉइल बसवत. त्याने आवाजाची गळती कमी झाली, पण एक नवी अडचण आली. केबलच्या वरच्या मर्यादेजवळच्या फ्रिक्वेन्सी खालच्यांपेक्षा उशिरा पोचू लागल्या. बोलण्यात थोडाबहुत फरक कान चालवून घेतो. चित्र मात्र घेत नाही. अमेरिकेत १९२५ साली टेलिफोनच्या तारांवरून छायाचित्रे पाठवण्याची सेवा सुरू झाली. तीक्ष्ण कडा म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सींनी एकाच क्षणी पोचणे. त्या मागेपुढे पोचल्या की कड पसरते. १९२८ साली बेल सिस्टीम टेक्निकल जर्नलमध्ये सॅली पेरो मीड यांचा फेजच्या विकृतीवरचा आणि तिच्या दुरुस्तीवरचा लेख आला. त्याच वर्षी ऑटो झोबेल यांचाही लेख आला, आणि त्यात या दुरुस्तीसाठीची सर्किट्स पद्धतशीर मांडलेली होती.

त्यातले सगळ्यात साधे सर्किट म्हणजे जाळीसारखे, म्हणजे लॅटिस. समोरासमोरच्या दोन बाजूंना कॉइल आणि तिरप्या दोन बाजूंना कपॅसिटर. L/C हे R² इतके ठेवले, तर आत पाहणाऱ्याला सर्किट प्रत्येक फ्रिक्वेन्सीला निव्वळ R ओहम दिसते. त्यामुळे असे कितीही कप्पे एकामागे एक जोडा, एकाचा भार दुसऱ्यावर पडत नाही. एका कप्प्याचे सूत्र असे:

```
H(s) = (a - s) / (a + s),   a = R/L
फेज   = -2·arctan(ω/a)
विलंब = 2a / (a² + ω²)
```

वर आणि खाली एकाच लांबीच्या राशी आहेत, म्हणून आवाजाची पातळी कुठल्याही फ्रिक्वेन्सीला बदलत नाही, आणि म्हणूनच याला ऑल-पास म्हणतात. बदलते ती फक्त फेज: शून्यापासून सुरू होते, ω = a ला ९० अंश मागे पडते आणि वर जाता जाता १८० अंशांपर्यंत पोचते. विलंब सर्वांत खाली जास्त असतो आणि वर जाताना उतरत जातो. कॉइल बसवलेल्या केबलला नेमकी हीच उलटी चढण हवी होती. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे सर्किट उशिरा येणाऱ्याला लवकर आणू शकत नाही. सीताबर्डीहून एकदम निघालेल्या दोन गाड्या बुटीबोरीला बरोबर पोचवायच्या, तर मागचीला ढकलता येत नाही, पुढचीलाच थांबवावे लागते. फेज इक्वलायझर तेच करतो, म्हणून दुरुस्तीनंतर एकूण विलंब नेहमी वाढतो. शिवाय एका कप्प्याची ताकद बेताची असते. a ची जागा १००० हर्ट्झला ठेवली, तर तळाशी सुमारे ०.३२ मिलिसेकंद विलंब मिळतो आणि १००० हर्ट्झला त्याचा निम्मा. म्हणजे काही मिलिसेकंदांचा फरक बुजवायला कप्प्यांची रांग लागते, आणि मधल्याच एका पट्ट्याला थांबवायचे असेल तर पहिल्या ऑर्डरने भागत नाही, दुसऱ्या ऑर्डरचा कप्पा लागतो.

डिजिटल काळात हाच कप्पा दुसऱ्या कामासाठी परत आला. सॅम्पलमध्ये पूर्णांकाएवढा विलंब फुकट मिळतो, कारण तो म्हणजे मेमरीतली जागा. पण अर्धा किंवा पाऊण सॅम्पल विलंब मेमरीत ठेवता येत नाही. १९७१ साली थिरान यांनी असे रिकर्सिव्ह फिल्टर मांडले, ज्यांचा विलंब खालच्या फ्रिक्वेन्सींना जास्तीत जास्त सपाट राहतो. ती कल्पना ऑल-पासला लावून पहिली ऑर्डर घेतली की उत्तर एका ओळीत मावते:

```
H(z) = (a + z^-1) / (1 + a·z^-1)
a = (1 - D) / (1 + D)

y  = a*(x - y1) + x1
x1 = x
y1 = y
```

D म्हणजे हवा असलेला विलंब, सॅम्पलमध्ये. एका सॅम्पलमागे एकच गुणाकार. वरची राशी खालच्या राशीचे आरशातले प्रतिबिंब आहे, म्हणून गेन १ च राहतो. a ला आठ बिटांत गोल केले तरी तो १ च, कारण वर आणि खाली तोच a आहे. गोल करण्याने सूर किंचित सरकेल, पातळी सरकणार नाही. (गणितातच उठणारी गोलाई वेगळी, ती सगळ्याच फिल्टरांत असते.)

ही गोष्ट फिरत्या वर्तुळात किती मोलाची आहे, ते १९८३ साली दिसले. केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी तार छेडल्याचा आवाज काढायची अगदी स्वस्त रीत मांडली: N सॅम्पलची मेमरी गोल फिरवायची आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन सॅम्पलची सरासरी घ्यायची. सरासरीचा विलंब अर्धा सॅम्पल, म्हणून सूर `fs / (N + 0.5)`, fs म्हणजे सेकंदाला सॅम्पल. N पूर्णांक असल्यामुळे सूर पायऱ्यापायऱ्यांनीच मिळतो. कॉम्प्युटर म्युझिक जर्नलच्या त्याच अंकात डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी या वर्तुळात पहिल्या ऑर्डरचा ऑल-पास घालून सूर हवा तिथे आणला.

आता आपला तानपुरा घेऊ. काळी चारचा षड्ज, २०७.६५ हर्ट्झ. १६,००० ला भागले की एका फेरीला ७७.०५ सॅम्पल हवेत. ऑल-पास नसेल तर N = ७७ घेऊन फेरी ७७.५ ची होते आणि जोड २०६.४५ हर्ट्झवर बसते. खर्ज १०३.८२५ वर हवा, तो N = १५४ ला १०३.५६ वर येतो. खर्जाचा दुसरा हार्मोनिक २०७.१२ होतो. तो जोडीशी ०.६७ हर्ट्झने भांडतो, म्हणजे दर दीड सेकंदाला एक विस्पंद. हेच ते हलणे. पंचम आणखी खोड काढतो. १५५.७४ ऐवजी तो १५६.१० वर बसतो, आणि त्याचा चौथा हार्मोनिक जोडीच्या तिसऱ्यापासून पाच हर्ट्झ दूर जातो. एकेकटी तार वाजवली तर चूक फार तर सुमारे १० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा दहावा भाग, आणि सारे ठीक वाटते. एकत्र वाजल्यावरच हे दिसते, आणि तानपुरा तर एकत्रच ऐकायचा असतो.

ऑल-पास घातला की जोडीसाठी ७७.०५३ मधून सरासरीचा अर्धा वजा करून ७६.५५३ उरतात. N = ७६, D = ०.५५३, म्हणून a = ०.२८८. मूळ सुरावर या कप्प्याचा प्रत्यक्ष विलंब हव्या असलेल्या आकड्यापासून सॅम्पलच्या हजाराव्या भागाइतकाही हलत नाही. खर्जासाठी N = १५३, D = ०.६०५, a = ०.२४६. पंचमाला १०२.२३७ उरतात. इथे मुले सहज N = १०२ आणि D = ०.२३७ घेतात. मी त्यांना N = १०१ आणि D = १.२३७ घ्यायला सांगतो; a = -०.१०६ येतो. कारण D शून्याच्या जवळ गेला की a १ कडे सरकतो आणि फिल्टरचा पोल सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीजवळ जाऊन बसतो. D = ०.०२ ला त्याचा झणत्कार ६० डेसिबल खाली यायला सुमारे १७० सॅम्पल लागतात, म्हणजे जवळजवळ ११ मिलिसेकंद. D साधारण ०.५ ते १.५ मध्ये ठेवला की तो काही सॅम्पलमध्येच मिटतो.

शेजारच्या दोन सॅम्पलमध्ये सरळ रेघ ओढूनही तुकड्याएवढा विलंब मिळतो, मग ऑल-पासच का? रेघ ओढणे अर्ध्या सॅम्पलच्या आसपास वरचे स्वर खाते. २००० हर्ट्झला गेन ०.९२ होतो. सरळ मार्गावर हे कुणाला कळणारही नाही, पण वर्तुळात दहा फेऱ्यांत ते निम्म्याखाली जाते, आणि जोडीच्या दहा फेऱ्या म्हणजे वीसांश सेकंदसुद्धा नाही. त्यातही किती खाल्ले जाईल हे तुकड्यावर अवलंबून असल्यामुळे एक तार उजळ आणि शेजारची बोथट निघते. सुराच्या आकड्याने आवाजाचा पोत ठरावा, हे कुठल्याही वाद्यात मला मान्य नाही.

ऑल-पासची किंमत फेजमध्ये चुकवावी लागते. सूत्राने मिळणारा D फक्त खालच्या फ्रिक्वेन्सींना खरा असतो. वर जाताना फेज-विलंब D सोडून १ कडे सरकतो, कारण सर्वांत वरच्या टोकाला फेज नेहमी नेमकी १८० अंश असते. जोडीच्या दहाव्या हार्मोनिकला विलंब ०.५५३ ऐवजी ०.५७५ होतो आणि तो स्वर सुमारे ०.६ हर्ट्झ उतरतो. D एकपेक्षा जास्त असेल तर हार्मोनिक उलट किंचित चढतात. खऱ्या तारेतही तारेच्या ताठपणामुळे ते चढतातच, म्हणून ही बाजू कानाला जास्त नैसर्गिक लागते. जवारी मात्र याने येत नाही. ती घोडीवर तार टेकण्यातून येते आणि रेषीय फिल्टरच्या आवाक्याबाहेर आहे.

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त दिसणारी चूक चिन्हाची. काही पुस्तके a उलट्या चिन्हाने लिहितात. एका पुस्तकातला a दुसऱ्यातल्या फिल्टरमध्ये घातला की जोडीला ०.५५३ ऐवजी १.८१ सॅम्पल विलंब मिळतो आणि सूर २०४.३ हर्ट्झला पडतो. बिनचूक लावलेल्या पेटीच्या काळी चारशी सेकंदाला तीनहून जास्त विस्पंद ऐकू आले, तर आधी चिन्ह तपासावे. आवाजाची पातळी मोजून ही चूक कधीच सापडणार नाही, कारण चुकीच्या चिन्हाचा फिल्टरही तितकाच ऑल-पास असतो.

सूर फिरवायच्या बटणाशी मात्र या कप्प्याचे जमत नाही. वाजत्या तारेत a बदलला की y1 मध्ये जुन्या a चा इतिहास राहतो आणि 'टक्' असा आवाज येतो. D १.५ ओलांडून N एकाने बदलतो तेव्हा तो सर्वांत मोठा असतो. बटण हळू फिरत असेल तर a दर सॅम्पलला थोडाथोडा सरकवून हा टक् दबतो. N बदलताना मात्र जुना आणि नवा असे दोन कप्पे काही मिलिसेकंद बरोबर चालवून एकातून दुसऱ्यात सरकणे बरे. तेवढ्या वेळापुरती प्रत्येक तारेला y1 ची एक जागा जास्त लागते आणि दोन गुणाकार वाढतात, पण १६,००० सॅम्पलच्या मायक्रोकंट्रोलरला ते सहज झेपतात.