स्वशब्दांकन (संशोधनलेखन)

एखाद्या विषयावरचे अनेक लेख वाचून त्यांतील माहिती स्वतःच्या वाक्यांत मांडणे आणि ती कुठून घेतली हे नोंदवणे, यास स्वशब्दांकन म्हणतात. यातील एकही गोष्ट सुटली, तर लेखन वाङ्मयचौर्यात मोडते. शब्द पूर्ण बदलले तरी स्रोताचा उल्लेख लागतोच, कारण उसना घेतलेला असतो तो मुख्यतः विचार.

सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून फक्त प्रतिशब्द घालणे. लोणार सरोवराचे उदाहरण घेऊ. समजा, एका लेखात असे वाक्य आहे: ‘जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले, खारटपणा वाढल्याने लवणप्रिय सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल दिसला.’ यावरून कोणी लिहिले, ‘२०२०च्या जूनमध्ये तळ्याचे जल एकाएकी गुलाबी बनले, क्षाराचे प्रमाण वाढल्याने मीठप्रिय जिवाणू वाढले व त्यांच्या रंगामुळे हा फरक जाणवला’, तर ती नक्कलच आहे. घटनांचा क्रम, वाक्याची जोडणी, स्वल्पविरामाची जागासुद्धा मूळचीच. शिवाय ‘सूक्ष्मजीवां’चे ‘जिवाणू’ करताना अर्थही बिघडला. रंग आणणारे हे जीव आर्किया या वेगळ्या गटातले आहेत.

यावर उपाय टिपणाच्या वेळीच करावा लागतो. लेख वाचून बाजूला ठेवावा आणि आठवेल ते तुटक शब्दांत टिपावे: ‘गुलाबी रंग, कारण आर्किया, खारटपणा वाढला, जून २०२०’. शेजारी स्रोताचे नाव लिहावे. जे शब्द जसेच्या तसे उतरवले, त्यांना तेव्हाच अवतरणचिन्हे द्यावीत, नाहीतर महिन्याभराने ते आपलेच वाटू लागतात. मग टिपणावरून लिहावे: ‘लोणारच्या पाण्याला २०२०च्या उन्हाळ्याअखेर आलेला गुलाबी रंग आर्किया गटातील सूक्ष्मजीवांचा होता. पाणी जास्त खारट झाल्याने त्यांना पोषक स्थिती मिळाली.’ शेवटी मूळ लेख उघडून तथ्ये ताडून पाहावीत. ‘बेसॉल्ट’, ‘आर्किया’ यांसारख्या संज्ञा बदलू नयेत. त्या कोणाच्या मालकीच्या नसतात.

लेख अनेक असले की वेगळी अडचण येते. लोणार विवराचे वय काही ठिकाणी सुमारे ५२ हजार वर्षे, तर काही ठिकाणी सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिलेले आढळते. पहिला आकडा तापदीप्ती पद्धतीने काढलेला, दुसरा आर्गॉन कालमापनाने. दोन्ही एका वाक्यात ‘हजारो ते लाखो वर्षे’ असे मिसळले, तर वाचकाला काहीच कळत नाही. कोणता आकडा कोणत्या पद्धतीचा हे सांगून प्रत्येकाला त्याचा स्रोत जोडावा. एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच वर्तमानपत्रांत आली असेल, तर ते पाच पुरावे ठरत नाहीत, एकच ठरतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांवर साम्य असल्यास संशोधक विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. मात्र साम्य शोधणारी संगणकप्रणाली मुख्यतः शब्द जुळवून पाहते. इंग्रजी लेखाचा ओळीनओळ मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावावर दिला, तर तो तिच्या नजरेतून सहज सुटू शकतो. तेही वाङ्मयचौर्यच असून, ते ओळखायला दोन्ही भाषा जाणणारा वाचक लागतो.